पायलट सोयीच्या गावात करू नका: मुलांची उंची-वजन मोजताना होणाऱ्या चुका

पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणाच्या सर्वेक्षणात मुख्य कामाआधी एक छोटी चाचणी, म्हणजे पायलट, घेतात. त्यात मला सगळ्यात जास्त खटकतो तो सोयीचा पायलट. ऑफिसजवळची अंगणवाडी, सपाट फरशी, ओळखीची सेविका, आणि मोजायला खुद्द पर्यवेक्षक. असा पायलट पास होणारच.

एका टीमचं असंच झालं. प्रत्यक्ष काम सुरू झालं पाड्यांवर, घरोघरी. शेणाने सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर डिजिटल वजनकाटा डगमगायचा आणि त्याच मुलाचं वजन दुसऱ्यांदा घेतलं की वेगळं यायचं. उंचीची फळी कुडाच्या भिंतीला टेकवली की तिरकी व्हायची. रडणाऱ्या मुलाला धरायला दुसरं माणूस नाही, म्हणून मोजणारा अंदाजाने आकडा लिहायचा. मी त्यांची डेटाशीट पाहिली तेव्हा निम्म्याहून जास्त उंच्या .0 किंवा .5 वर संपत होत्या. नीट मोजलं असतं तर शेवटी येणारे दहाही अंक साधारण सारखे पडतात, म्हणजे 0 आणि 5 मिळून पाचवा हिस्सा.

हे किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलग्याची उंची 81.0 सेंमीपेक्षा कमी असेल तर तो खुजा धरला जातो. 80.7 चे 81 केले की एक खुजं मूल कागदावरून गायब होतं.

म्हणून मी पायलटला मुद्दाम सगळ्यात अडचणीचा पाडा निवडते, फक्त तो मुख्य नमुन्यातला नसावा. मोजायला टीममधली तीच माणसं, जी पुढे मुख्य सर्वेक्षणात मोजणार आहेत, आणि तीही जोडीने. काट्याखाली प्लायवूडचा तुकडा आणि लेव्हल बघायला पाणसळ. रोज सकाळी 5 किलोचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा. पायलटच्या आधी मोजणाऱ्या प्रत्येकाने त्याच दहा मुलांना दोनदा मोजायचं, दुसऱ्या वेळी पहिला आकडा समोर नको. ज्याचे दोन आकडे जुळत नाहीत, त्याचा सराव पुन्हा. यात एक दिवस जातो. तो वाचवायची घाई असणाऱ्यांना मी फील्डवर पाठवत नाही.

दुसरी चूक म्हणजे पायलटचे कागद भरून झाले की कपाटात. त्याच संध्याकाळी बसून नोंदी उघडा. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजलं की उभं करून, ते नोंदवलंय का? जन्मतारीख लसीकरण कार्डावरून घेतली की आईच्या आठवणीतून? एका घराला किती वेळ लागला? रोजचं उद्दिष्ट त्यावरूनच ठरवा.

पायलटमधली मुलं मुख्य डेटात मिसळू नका. वीस-तीस मुलांवरून तालुक्यातल्या कुपोषणाचं प्रमाण तर अजिबात सांगू नका.

आणि पायलटनंतर फॉर्ममध्ये काही बदललं असेल, तर बदललेला फॉर्म पुन्हा चार-पाच घरांत चालवून बघितल्याशिवाय छापायला देऊ नका.