दहा वर्षांचं ध्येय चाळीसने भागू नका

ओकेआर, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह आणि की रिझल्ट, एक ध्येय आणि ते किती गाठलं ते मोजायचे दोन-तीन निकाल, हे करिअरला लावणारी नवी पोरं बघतो आणि चूक ठरलेली. दहा वर्षांचं ध्येय घ्यायचं, चाळीस तिमाहीने भागायचं, एक्सेलमध्ये चाळीस ओळी, झालं प्लॅनिंग. हसत नाय, मी पण हेच केलंय.

रत्नागिरीजवळ एका आंबा कॅनिंगमध्ये सुपरवायझर होतो आणि दहा वर्षांत स्वतःचं पल्प युनिट हवं होतं. एप्रिल-जूनच्या ओळीत लिहिलं, 'फूड प्रोसेसिंगचा कोर्स पूर्ण'. आता सीझनला ट्रकमागून ट्रक हापूस येतो, दोन शिफ्ट चालतात, घरी येईस्तोवर हात चिकानं काळे, पुस्तक उघडतंय कोण. कोर्स पुढे ढकलला, मग त्याच्या खालच्या सगळ्या ओळी ढकलल्या, आणि गणपतीत आरती सोडून मी लॅपटॉपवर तारखा बदलत बसलो. आई म्हणाली, "अरे, कुणाचं लग्न जमवतोयस काय?"

तक्ता पुसला. आता दहा वर्षांसाठी एक ओळ, तीन वर्षांनी कुठे असायला हवं ती एक ओळ, यंदाची एक, आणि पूर्ण मांडून फक्त चालू तिमाही. पुढची तिमाही ही संपल्यावरच लिहायची, कारण ह्या तीन महिन्यांत काय कळेल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरी चूक मला जास्त छळते. की रिझल्टच्या जागी काम लिहितात. 'कोर्स करणे' हे काम झालं, त्यातून काय बदललं ते कुठाय? पुढच्या सीझनला मी ऑब्जेक्टिव्ह ठेवलं, 'पल्पची लाइन एकट्याने सांभाळता येणे', आणि खाली तीनच रिझल्ट, प्रत्येकाला शेवटी 0 ते 1 मध्ये गुण. 20 शिफ्टमध्ये किती किलो आंब्यातून किती पल्प निघाला ते वहीत, त्यातल्या 16 झाल्या, 0.8. तीन बॅच स्वतः काढायच्या आणि पंधरा दिवस ठेवून एकही डबा फुगता नये, दोन बॅच पास, 0.7 धरले. किलोचा खर्च काढायचा आणि तो अकाउंटंटच्या आकड्याशी जुळवायचा, मजुरी जुळली, डब्यांचा खर्च चुकला, 0.5. सरासरी 0.67 आणि मी खूश होतो, कारण ध्येय ताणलेलं असेल तर 0.7 चांगलंच समजतात. दर तिमाहीला 1 येत असेल तर तुम्ही सोपं लिहिताय. आणि त्या 0.5 नेच पुढची तिमाही ठरवली, डब्यांचा हिशेब.

बाकी, पाच-पाच ऑब्जेक्टिव्ह नकोत, एक पुरे. 'प्रमोशन मिळवणे' पण नको, ते शेठच्या हातात.

आकडे तिमाही संपल्यावर आठवून भरू नका, फुगतात. मी रविवारी मासळी साफ होईपर्यंत दहा मिनिटं वही घेऊन बसतो, पेन्सिलने.