या चुका टाळा : ठोकळा लावूनही भोक तिरकं का जातं?

हातातल्या ड्रिलनं भोक सरळ पडत नाही, म्हणून आपण ठोकळा करतो. कडक लाकडाचा तुकडा, त्यात आरपार एक सरळ भोक. हा ठोकळा कामावर ठेवायचा, बिट त्यातून खाली सोडायचं, की भोक काटकोनात पडलं, असा सरळ हिशोब. तरीही पलीकडे बिट भलत्याच जागी बाहेर येतं. मग ‘हात हलला असेल’ म्हणून आपण सोडून देतो. हात कमीच वेळा हलतो. खरं कारण चुकलेल्या भोकांतच वाचता येतं, फक्त ती एकेकटी न बघता शेजारी शेजारी ठेवून बघायची.

माझं पहिलं मोठं काम एका टेबलाचं होतं. सागवानाचे चार पाय, प्रत्येक 45 मिमी जाड. प्रत्येक पायात 8 मिमी बोल्टसाठी दोन आरपार भोकं, म्हणजे एकूण आठ. पलीकडच्या बाजूला खुणेपासून जवळजवळ एक सूत, म्हणजे 3 मिमी, फरक पडला. 45 मिमीत 3 मिमी म्हणजे सुमारे चार अंश. आठही भोकांत फरक होताच, पण पाय ओळीनं मांडले तेव्हा लक्षात आलं की ती सगळी एकाच बाजूला झुकली आहेत. हात हलला असता तर एक डावीकडे आणि एक उजवीकडे गेलं असतं. आठ वेळा एकाच दिशेला हात हलत नाही.

तेव्हा पहिली चूक ही, की ठोकळा तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा. तिरका ठोकळा प्रत्येक भोकात तोच तिरकेपणा इमानदारीत उतरवतो. माझ्या ठोकळ्याचं भोक ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं स्टँडच्या ड्रिलवर पाडून दिलं होतं आणि ते बरोबर होतं. गोंधळ मी घातला होता. ठोकळ्याची खालची बाजू रंध्यानं सपाट केलेली, तर वरची बाजू करवतीनं कापून तशीच सोडलेली. काम करताना मी ठोकळा उलटा ठेवला. भोक खालच्या बाजूला काटकोनात होतं, वरच्या बाजूला नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ठोकळ्यावर ‘खाली’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि एका बाजूवर बाण असतो. बाण नेहमी कामाच्या एकाच टोकाकडे ठेवला, की पुढे चूक शोधताना दिशा लगेच कळते.

असंच दुसरं घडतं. आधी भोक पाडून घेतात आणि नंतर ‘जरा नीट दिसू दे’ म्हणून तळाला रंधा मारतात. तळ बदलला की काटकोन गेला. क्रम उलटा हवा: आधी तळ सपाट, मग तोच तळ ड्रिलच्या टेबलावर ठेवून भोक, आणि त्यानंतर तळाला हात लावायचा नाही.

तपासायला 8 मिमीची सरळ लोखंडी सळई लागते, साधारण 150 मिमी लांब. ती ठोकळ्याच्या भोकात घालून ठोकळा काचेवर किंवा सपाट लादीवर ठेवा. शेजारी गुण्या उभा करून सळई आणि गुण्या यांच्यातली फट वरच्या टोकाशी बघा. आता ठोकळा जागच्या जागी अर्धा फिरवून सळई पुन्हा गुण्याच्या पायथ्याशी तितक्याच अंतरावर आणा. फट तेवढीच राहिली तर त्या दिशेनं ठोकळा सरळ आहे. मग पाव फिरवून दुसऱ्या दिशेलाही हेच करा. भोक एक अंशानं तिरकं असेल, तर ठोकळ्यावर 100 मिमी उंचीला सळई पावणेदोन मिमी झुकते. अर्धा फेरा मारला की फटीत याच्या दुप्पट, साडेतीन मिमीचा फरक पडतो, आणि तो डोळ्यांना सहज दिसतो. आणखी एक सोय अशी, की गुण्या स्वतः थोडा चुकीचा असला तरी फसवत नाही, कारण आपण फक्त बदल बघतो. पावसाळ्यात लाकूड फुगून तळ वाकतो, म्हणून जून-जुलैत काढलेला जुना ठोकळा न तपासता वापरू नये.

आता भोकं वेगवेगळ्या दिशांना झुकली असतील तर? तेव्हा बहुतेक वेळा ठोकळा निर्दोष असतो आणि तो बसवण्यात चूक असते. यातलं सर्वांत हमखास कारण अगदी क्षुल्लक आहे, भुसा. एक भोक पाडून आपण ठोकळा उचलतो आणि पुढच्या खुणेवर ठेवतो, तेव्हा पहिल्या भोकाचा कीस खाली अडकतो. ठोकळा 60 मिमी रुंद असेल आणि एका कडेखाली 1 मिमीचा कण आला, तर 45 मिमीच्या पायात पाऊण मिमीची चूक तिथेच ठरली. प्रत्येक वेळी तळ आणि काम दोन्ही पुसा. ठोकळ्याच्या तळाला भोकाभोवती हलकासा खड्डा कोरला, तर कण त्यात पडतात आणि ठोकळा उचलला जात नाही.

हातानं धरून ठोकळा दाबणं हीही याच घरातली चूक. बिट लागताच ठोकळा एका बाजूनं उचलतो, आणि बोटं बिटाजवळ असतात ती वेगळीच. सी क्लॅम्प लावा. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या बिटात अडकतात. आधी क्लॅम्प आवळून मग बिट खुणेवर येतं का ते बघत बसू नका. ड्रिल बंद ठेवून बिट ठोकळ्यातून खाली काढा, त्याचं टोक खुणेच्या फुलीवर टेकवा, ठोकळा बिटावरून सरकवत खाली बसवा आणि मग आवळा. भोक काटकोनात पडलं पण जागा चुकली, असं झालं तर बहुधा हीच पायरी राहिलेली असते.

ठोकळ्याचं भोक सैल असेल तरीही दिशा भरकटते, पण ती कोणत्या बाजूला हे नेम नसतं. 8 मिमीचं बिट 8.5 मिमीच्या भोकात अर्धा मिमी हलतं. ठोकळा 40 मिमी उंच असेल, तर 45 मिमी जाड पायात चूक अर्ध्या मिमीच्या आसपास राहते. तेच ठोकळा 18 मिमी प्लायचा असेल, तर सव्वा मिमीवर जाते. म्हणून प्लायच्या एका तुकड्याचा ठोकळा नको. साधारण बिटाच्या जाडीच्या चार-पाच पट उंची ठीक पडते. वीसेक भोकांनंतर लाकडाचं तोंड घासून पसरू लागतं. फार काम असेल, तर लेथवाल्याकडून आतून 8 मिमीचं लोखंडी बुश करून घ्या आणि ठोकळ्यात घट्ट बसवा.

मग ठोकळा जितका उंच तितका चांगला, असं वाटेल. इथेच मला आवडणारी अडचण सुरू होते. बिटावरची खाच, जिच्यातून कीस वर येतो, तिची लांबी मर्यादित असते. सर्वसाधारण 8 मिमी बिट 117 मिमी लांब असतं, त्यात खाच 75 मिमी. ठोकळा 40 मिमी उंच असेल, तर कामात 35 मिमी शिरेपर्यंत खाचेचं वरचं टोक ठोकळ्याच्या वर उघडं असतं आणि कीस बाहेर पडतो. त्यानंतर खाच ठोकळ्यात बुडते, कीसाला वाट राहत नाही. भोक धुरकटतं, बिट घट्ट होतं, आपण जोर लावतो आणि बिट वाकून भोक शेवटी वळतं. 6 मिमी बिटाची खाच सुमारे 57 मिमी, तेव्हा त्याच ठोकळ्यात 17 मिमीवरच हे घडतं. 18 मिमी प्लायसुद्धा पार होत नाही. त्याला 30 मिमीचा ठोकळा बरा.

याचं लक्षण ओळखू येतं. भोक वरून बरोबर सुरू होतं, पहिले दोन-तीन सेंटिमीटर सरळ जातं आणि नंतर वाट सोडतं. एका दिशेला सारखा झुकाव नाही, तर मधूनच वळण. अशा वेळी ठोकळ्याला दोष देऊ नका.

माझ्या 45 मिमी पायात 8 मिमी बिटासाठी हा प्रश्न उरत होताच, 35 नंतरचे 10 मिमी कीस अडकणार. उपाय सोपा निघाला. ठोकळा भोकाच्या शेवटापर्यंत लागत नाही. ठोकळ्यातून 25 मिमी खोल गेलं, की आता भोकच बिटाचा ठोकळा झालेलं असतं. तेवढं पाडून बिट काढा, ठोकळा सोडा, कीस झटका, बिट पुन्हा भोकात घाला आणि मगच ड्रिल चालू करून उरलेलं पाडा. दर 10 मिमीला बिट वर ओढा, म्हणजे कीस बाहेर येईल. पलीकडच्या बाजूला टाकाऊ फळी घट्ट धरली, तर बाहेर पडताना लाकूड फाटत नाही. मग पाय मी नव्याने कापले आणि त्यांत भोकं या पद्धतीनं पाडली. फरक अर्ध्या मिमीच्या आत आला आणि बोल्ट बोटानं आत गेले.

बिटाबद्दल एवढंच. टोकाला काटा आणि दोन्ही कडांना धारदार दात असलेलं लाकूडकामाचं बिट ठोकळ्याच्या भिंती खातं, साधं धातूचं बिट ठोकळ्यासाठी बरं. चपट्या पात्याचं बिट ठोकळ्यात चालतच नाही, कारण पातं रुंद आणि दांडा बारीक. भिंतीच्या बिटाचं टोक दांड्यापेक्षा रुंद असतं, त्यामुळे दांडा ठोकळ्यात खुळखुळतो, आणि ड्रिल हॅमरवर राहिलं तर लाकडी ठोकळा फुटायलाही वेळ लागत नाही. हॅमरचं बटण लाकडात बंदच हवं, हे घाईत विसरतं.

स्टँडचं ड्रिल जवळ नसेल, तर ठोकळ्यात भोक पाडूच नका. दोन तुकडे घ्या, त्यांचे तळ एका पातळीत रंध्यानं सपाट करा. एका तुकड्याच्या उभ्या बाजूवर गुण्यानं तळाशी काटकोनात रेषा ओढा, तिच्यावर करवत आणि पटाशीनं इंग्रजी V सारखी खाच करा, बिट टेकून बसेल एवढी. दुसरा तुकडा सपाट बाजूनं त्यावर चिकटवला, की तीन बाजूंनी बिट धरणारी वाट तयार. डिंक वाळल्यावर तीच सळई घालून, ठोकळा फिरवून तपासा. खाच तिरकी गेली असेल, तर चिकटवलेले तुकडे बाजूला ठेवून नवीन दोन घ्या, तळ घासून तो काटकोनात आणायचा प्रयत्न करू नका. एक बाजू आणायला जाल आणि दुसरी जाईल.