समांतर पाइपांत पाणी कसं वाटलं जातं

मी मुंबईत पाणीपुरवठ्याच्या डिझाइनचं काम करतो. ऑफिसात नव्याने येणाऱ्या इंजिनिअरला मी सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे गणित कागदावर सोडवायला लावतो.

३०० मिमी व्यासाची, १,००० मीटर लांबीची लाइन आहे. प्रवाह सेकंदाला १०० लिटर, घर्षणांक ०.०२. घर्षणामुळे ६.८ मीटर हेड जातं आणि टोकाला दाब अपुरा पडतो. म्हणून शेवटच्या ६०० मीटरना समांतर अशी २०० मिमीची दुसरी लाइन टाकायची आहे. मग लॉस किती उरेल?

बहुतेक जण क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाणी वाटतात : ६९ आणि ३१ लिटर. मी त्यांना दोन्ही फांद्यांचा लॉस काढायला सांगतो. मोठीत १.९५ मीटर येतो, लहानीत २.९४. दोन्ही फांद्या एकाच जंक्शनवर सुटतात आणि एकाच जंक्शनवर मिळतात. त्या ठिकाणी दोन वेगळे दाब असूच शकत नाहीत. म्हणजे वाटणी चुकली. ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण उत्तर माहीत नसतानाही ती चूक दाखवते.

बरोबर वाटणीसाठी प्रत्येक फांदीचा लॉस `h = rQ²` असा लिहा; `Q` म्हणजे तिचा प्रवाह, `r` म्हणजे तिचा रोध. `h` दोन्हीकडे सारखा, म्हणून प्रवाह `1/√r` च्या प्रमाणात वाटला जातो. लांबी आणि घर्षणांक सारखे असतील तर हे प्रमाण व्यासाच्या २.५ घाताचं होतं. १.५ चा २.५ घात म्हणजे साधारण २.७६. म्हणून मोठीत ७३.४ लिटर, लहानीत २६.६, आणि दोन्हीकडे लॉस २.२ मीटर. आधीच्या एकेरी ४०० मीटरचा लॉस २.७ मीटर. हे दोन भाग एकसर जोडलेले असल्यामुळे त्यांची बेरीज करायची : ४.९ मीटर. इथे पुन्हा एक घसरण होते. समांतर फांद्यांचे २.२ आणि २.२ कुणी बेरजेत धरतं. तसं करू नका. पाण्याचा प्रत्येक थेंब एकाच फांदीतून जातो.

साइटवर मात्र घर्षणांक सारखा नसतो. जुन्या बिडाच्या पाइपला आतून गंजाच्या गाठी येतात. समजा जुन्या ३०० मिमीचा घर्षणांक दुप्पट, ०.०४ झाला, तर तिच्या वाट्याला ६६ लिटरच येतात आणि जंक्शनांमधला लॉस ३.६ मीटरवर जातो. आता खरी अडचण अशी की दोन्ही जंक्शनांवर प्रेशर गेज लावले तरी कोणती फांदी तुंबली आहे ते कळत नाही. फरक दोघींचा एकच दिसतो. नव्या लाइनचा स्लूस व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिला असला, तरी गेजवर लॉस असाच वाढलेला दिसतो. त्यामुळे क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक मीटरने दोन्ही फांद्यांचा प्रवाह वेगवेगळा मोजा. मोजलेल्या प्रवाहावरून आणि गेजच्या फरकावरून प्रत्येकीचा `r` काढा. ज्या फांदीचा `r` हिशेबापेक्षा जास्त निघेल, तिच्या व्हॉल्व्हपासून शोध सुरू करा.