आरतीच्या व्हिडिओला जाहिरात लावावी का? ठरवावं कसं, आणि मंडळींना सांगावं कसं

इंदूरच्या रामबागेतलं आमचं भजनी मंडळ. लॉकडाऊनमध्ये गुरुवारचं भजन बंद पडलं, म्हणून एका भाच्यानं यूट्यूब चॅनल काढून दिलं. पुढे हजार सबस्क्रायबर झाले, बारा महिन्यांत लोकांनी पाहिलेले चार हजार तासही भरले, म्हणजे जाहिरातीतून पैसे मिळण्याची अट पूर्ण झाली. त्यावर दोन बैठका झाल्या आणि एक रुसवा. एक बाजू म्हणे देवाच्या नावावर पैसा नको, दुसरी म्हणे माईक काय फुकट येतो?

माझं मत सांगतो. पैसा हा वाद खोटा आहे. कीर्तनकाराला आपण बिदागी देतोच, आरतीच्या तबकात नाणं टाकतोच. फरक इतकाच की ते देणारा जाणून देतो आणि आरती झाल्यावर देतो. जाहिरात ऐकणाऱ्याचा वेळ न विचारता घेते, तोही नेमका हात जोडलेले असताना. म्हणून "घ्यावे की नाही" असं एकदाच न विचारता ते प्रत्येक प्रकारच्या व्हिडिओसाठी वेगळं विचारावं.

पहिलं काम: व्हिडिओ कुठे वाजतो ते पाहा

यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये लोक कोणत्या उपकरणावर पाहतात ते दिसतं. आमच्या हरिपाठाला टीव्हीवरचे प्रेक्षक भरपूर निघाले, आणि ते पाहून माझं मत तिथेच फिरलं. टीव्हीवर हरिपाठ लावणारं माणूस समोर बसून पाहत नसतं. आमच्या शेजारच्या आजी सकाळी टीव्ही लावतात आणि देवघरात जातात. हाताला गंध, समोर ताम्हण, रिमोट बाहेर सोफ्यावर. मध्येच मटण मसाल्याची जाहिरात लागली तर ती पुढे ढकलायला त्यांनी उठायचं कसं? आणि ती एकादशी असली तर?

आठ मिनिटांच्या आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत मध्येही जाहिरात येऊ शकते. चार मिनिटांच्या आरतीला ती आधी किंवा शेवटी येईल, पण अर्ध्या तासाच्या हरिपाठात दोन अभंगांच्या मध्ये, किंवा अभंगाच्या मधोमध सुद्धा. म्हणून एका कागदावर दोन रकाने करा. व्हिडिओ लावून माणूस काही करत असतं (पूजा, जप, आरती) ते एकीकडे, आणि समोर बसून पाहतं (निरूपण, पेटी शिकवणं, उत्सवाचं चित्रण) ते दुसरीकडे. आमचे शंभरच्या आसपास व्हिडिओ एका दुपारी वाटून झाले. भांडण फक्त दोन व्हिडिओंवरून झालं.

दुसरं काम: तुमचं जाहिरातीचं बटण काय करत नाही ते समजून घ्या

बहुतेक मंडळं इथे फसतात. आम्हीही फसलो. सुरुवातीला आम्ही वर्णनात मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, "या चॅनलवर जाहिराती नाहीत." मग पुण्याहून एका ताईंचा फोन आला, की अहो, तुमच्या करुणाष्टकाआधी मला कर्ज देणाऱ्या अॅपची जाहिरात दिसली.

झालं असं होतं. 2020-21 पासून यूट्यूबच्या अटींमध्ये एक कलम आहे: जे चॅनल कमाईच्या योजनेत नाही, त्याच्या व्हिडिओवरही यूट्यूब स्वतः जाहिरात दाखवू शकतं. त्यातला वाटा चॅनलला मिळत नाही. म्हणजे आम्ही काही चालू केलं नव्हतं, एक पैसा घेतला नव्हता, आणि तरीही आमचं वाक्य खोटं होतं.

दुसरं कारण कॉपीराइटच्या दाव्याचं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ते तुम्ही ज्या चालीत गाता ती चाल कोणा संगीतकाराची असू शकते, आणि भारतात तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. मागे कोणाची रेकॉर्ड वाजत असेल तर तिचा हक्क आणखी वेगळा. असा दावा लागला की हक्कदार तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लावू शकतो आणि पैसे त्याच्याकडे जातात. स्टुडिओच्या `Content` यादीत निर्बंधांच्या रकान्यात `Copyright` लिहिलेलं दिसलं की समजावं. आमच्या एका अभंगाला असा दावा होता आणि तो कोणीच उघडून पाहिला नव्हता. तो आम्ही काढून पारंपरिक चालीत पुन्हा म्हटला.

म्हणून "जाहिरात दिसणार नाही" असं कधी लिहू नका. "आम्ही जाहिरात चालू केलेली नाही" एवढंच तुमच्या हातात आहे.

तिसरं काम: महिनाभर थोड्यावर करून पाहा

योजनेत जाताना सगळे जुने व्हिडिओ एकगठ्ठा चालू करण्याचा मोह होतो. तो आवरा. आम्ही दुसऱ्या रकान्यातले बाराच निवडले. स्टुडिओत `Content` मध्ये व्हिडिओ उघडला की `Monetization` असतं, तिथे `On` किंवा `Off`. मोठ्या व्हिडिओत मध्ये येणाऱ्या जाहिरातींची निवड वेगळी असते, ती आम्ही काढून टाकली. आधीची जाहिरात सोडून देता येणारी हवी की न येणारी, हे मात्र आता चॅनलवाल्याला निवडता येत नाही.

मग जाहिरातींच्या खात्यात, म्हणजे अॅडसेन्समध्ये, `Blocking controls` पाहा. ज्योतिष, डेटिंग, झटपट श्रीमंती असे संवेदनशील प्रकार तिथे बंद करता येतात. चाळणी शंभर टक्के नसते. शिवाय जाहिरात पाहणाऱ्यागणिक बदलते, तुम्हाला साड्या दिसतील तर जावयाला गाडी. म्हणून चार घरच्या माणसांना सांगून ठेवा, विचित्र काही दिसलं तर फोटो काढून पाठवा. जाहिरातदाराचं संकेतस्थळ कळलं की ते नेमकं बंद करता येतं. स्वतः मात्र आपल्या जाहिरातींवर क्लिक करत बसू नका.

महिन्यानंतर अॅनालिटिक्समध्ये आरपीएम पाहा. हजार वेळा पाहण्यामागे तुमच्या हाती किती आले, तो आकडा. आमचा चाळीस रुपयांच्या आसपास निघाला, तुमचा वेगळा निघेल. सगळ्या चॅनलवर महिन्याला पंधरा हजार वेळा पाहिलं जातं, म्हणजे आरती-हरिपाठासकट सगळं चालू केलं असतं तर याच दरानं महिन्याला सहाशे रुपये. पैसे खात्यात यायला शंभर डॉलर साठावे लागतात, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. सव्वा वर्ष! हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा माईकवाल्या बाजूचाही आवाज खाली आला. सहाशे रुपयांसाठी रोज आजींचा हरिपाठ तोडायचा?

एक कागद विसरू नका. मुलं-सुना अमेरिकेत असलेल्या घरांमुळे आपल्याकडे तिथले प्रेक्षक असतातच. अॅडसेन्समध्ये अमेरिकी कराचा फॉर्म भरला नाही तर एकूण कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. भरला आणि भारताच्या कराराचा लाभ घेतला तर तिथल्या प्रेक्षकांपासूनच्या कमाईवर 15 टक्के.

शेवटी आम्ही ठरवलं: आरती, जप, हरिपाठ बंद. निरूपण आणि पेटीचे धडे चालू, मध्ये जाहिरात नाही.

चौथं काम: सांगणं

आधी खातं कोणाच्या नावावर आहे ते ठरवा, कारण सांगण्यात तेच अडतं. आमचं पेटीवाल्या काकांच्या नावावर, त्यांच्याच पॅनवर. म्हणजे कर त्यांना लागणार. अशा वेळी "सगळे पैसे मंदिराला" लिहिणं चूक आहे. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर खातं ट्रस्टच्याच नावानं काढा, आणि हे उत्पन्न देणगीत मिसळण्याआधी सीएला विचारा.

"सेवेसाठी", "धर्मकार्यासाठी" असले शब्द टाळा. ते ऐकायला गोड असतात, पण त्यांतून काहीच कळत नाही. वस्तूचं नाव घ्या. आम्ही वर्णनात हे लिहिलं, आणि गुरुवारी भजनानंतर, प्रसादाआधी, वाचूनही दाखवलं:

"मंडळी, निरूपण आणि पेटीच्या धड्यांवर आम्ही जाहिराती चालू केल्या आहेत. आरती, जप आणि हरिपाठावर केलेल्या नाहीत. तरी यूट्यूब आपणहून तिथे जाहिरात दाखवू शकतं, ते आमच्या हातात नाही. मिळणारे पैसे पेटीवाल्या काकांच्या खात्यात येतात. कर वजा जाता ते माईक आणि रेकॉर्डिंगच्या खर्चाला लागतील. किती आले, कुठे गेले, ते दर तीन महिन्यांनी गुरुवारी सांगू. निर्णय बदलला तर आधी सांगू. नकोशी जाहिरात दिसली तर फोटो पाठवा."

यात "आम्हाला साथ द्या" नाही, हे पाहिलंत ना? ते मुद्दाम. हे वाचल्यावर आमच्याच एका उत्साही काकूंनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी जाहिरातीवर क्लिक करावे, तेवढीच देवाची सेवा." बापरे! असं सांगणं अॅडसेन्सच्या नियमांत बसत नाही, खातं कायमचं बंद होऊ शकतं. आणि नियम नसता तरी ते लबाडीचंच, कारण जाहिरातदार पैसे देतो ते ज्याला वस्तू हवी आहे अशा माणसासाठी. संदेश दहा मिनिटांत काढायला लावला. काकू जरा खट्टू झाल्या, मग खाली नवीन संदेश टाकला: "आधीचे रद्द. मुद्दाम क्लिक करू नये."

विरोध करणारे दोघं राहिलेच. एकानं विचारलं, निरूपणात तरी कशाला? त्यांची मी समजूत घातली नाही. आकडा सांगितला, रकाने दाखवले, आणि त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं. तीन महिन्यांनी हिशोब वाचताना तेही वाचू.

आजींना मात्र एकच शंका होती. "मग निरूपणाआधी ती लागली, तर पुढे ढकलली तर चालेल नं? तुमचं नुकसान नाही ना व्हायचं?"

"ढकला आजी," म्हटलं. "खुशाल ढकला."