रिफंड आला नाही? या चुका टाळा

दुकानाकडून 'रिफंड मंजूर' असा मेसेज आला की बहुतेक जण त्याच दिवसापासून दिवस मोजायला लागतात. पहिली चूक इथेच होते. मंजूर म्हणजे दुकानाने परतावा द्यायचं मान्य केलं, एवढंच. पैसे दुकानाच्या हातून सुटतात ते रिफंड 'इनिशिएट' झाल्यावर, आणि या दोन्हींमध्ये काही दिवस जाऊ शकतात. म्हणून ऑर्डरच्या पानावर इनिशिएट झाल्याची तारीख शोधा आणि मोजणी तिथून करा. शनिवार-रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या त्यात धरू नका.

पुढचा वेळ पैसे कुठे परत जाणार यावर ठरतो. वॉलेटमधून भरलेले पैसे सहसा त्याच दिवशी वॉलेटमध्ये दिसतात. यूपीआयने भरले असतील तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत खात्यात येतात. कार्डाला सर्वांत जास्त वेळ लागतो, साधारण पाच ते सात कामकाजाचे दिवस, कधी थोडे अधिकही. कारण रक्कम दुकानाच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते आणि मग तुमची बँक ती खात्यात नोंदवते. कॅश ऑन डिलिव्हरीचा परतावा बहुधा बँक खात्यावर पाठवतात. एनईएफटी आता चोवीस तास चालतं, त्यामुळे एकदा पाठवलेली रक्कम काही तासांत पोहोचते. मात्र दुकानाला खाते क्रमांक देताना एकेक आकडा तपासा. रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नुसतं नाव बरोबर असून भागत नाही.

दुसरी चूक म्हणजे एकरकमी आकडा शोधत बसणं. समजा, एका बाईंनी २,४०० रुपयांचे बूट घेतले. ४०० रुपये दुकानाच्या वॉलेटमधून गेले, २,००० क्रेडिट कार्डावरून. बूट परत केले, रिफंड ८ तारखेला इनिशिएट झाला. त्याच संध्याकाळी ४०० रुपये वॉलेटमध्ये आले, पण तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. २,००० रुपये १६ तारखेला कार्डावर जमा झाले आणि त्याचा एसएमएस आला नाही. त्या बाई मात्र बचत खात्याच्या पासबुकात २,४०० शोधत राहिल्या, तिथे ते कधीच येणार नव्हते. क्रेडिट कार्डाचा परतावा कार्डाच्याच स्टेटमेंटमध्ये येतो, रकमेपुढे 'CR' अशा खुणेने. ऑर्डर केल्यावर लगेच रद्द केली असेल तर जमेची वेगळी नोंद दिसेलच असं नाही. मूळ खर्चाची ओळच गायब होते.

याच बाईंच्या बिलाची शेवटची तारीख १४ होती. 'परतावा येणारच आहे' म्हणून त्यांनी २,००० रुपये कमी भरले असते, तर १४ तारखेपर्यंत परतावा न आल्याने बिल थकलं असतं आणि व्याज लागलं असतं. बिल पूर्ण भरा. परतावा नंतर आला तर तो जमा राहतो आणि पुढच्या खर्चात वळता होतो.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर कस्टमर केअरला 'कधी येतील?' विचारून उपयोग नाही. संदर्भ क्रमांक मागा. व्हिसा-मास्टरकार्डसाठी तो एआरएन असतो, २३ आकडी. यूपीआयसाठी आरआरएन, १२ आकडी. एनईएफटीसाठी यूटीआर. हा क्रमांक घेऊन तुमच्या बँकेला फोन केला की रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं. दुकान क्रमांक देऊच शकत नसेल, तर बहुतेक वेळा रिफंड त्यांच्याकडून निघालेलाच नसतो, मग मंजुरीचा मेसेज काहीही म्हणो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाई मिळते, असा हवाला अनेक जण देतात. हा २०१९ चा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे यूपीआयने खात्यातून पैसे गेले आणि दुकानापर्यंत पोहोचलेच नाहीत, अशा वेळी. परत केलेल्या मालाच्या रिफंडला तो लागू नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात वेळ जातो.

कस्टमर केअरचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, दुकानाच्या ॲपमधूनच घ्या. शोधात वर येणारे नंबर कित्येकदा ठगांचे असतात. ते 'रिफंडसाठी' लिंक उघडायला किंवा पिन टाकायला सांगतात. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. असं झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर कळवा.

दुकान दाद देत नसेल तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकही मागता येतो, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत मागता येतात, पण त्याला मुदत असते, म्हणून महिनोन्‌महिने थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ते फक्त बँकेकडून दिरंगाई होत असेल तर, आणि तेही बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाल्यावर किंवा तिचं उत्तर न पटल्यास.