गोष्टीतला माणूस खरंच बदलला का, हे पुराव्यानिशी कसं दाखवायचं

'पात्रात झालेला बदल लिहा' असा प्रश्न आला की बरीच पोरं लिहून मोकळी होतात, 'आधी तो स्वार्थी होता, शेवटी चांगला झाला.' मार्क इथंच जातात, कारण गोष्टीतलं कोणतं वाक्य बघून असं म्हणलो ते उत्तरात कुठंच नसतं.

उदाहरणासाठी एक छोटी गोष्ट रचू. बीडकडचं गाव, एप्रिल महिना, अख्ख्या वस्तीत एकाच बोरला पाणी, तेही अर्धा इंच, आणि बोर गंगाधरकाकाचा. काका स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून चावी करदोट्याला बांधतो अन् बायकांना बजावतो, "दोनच हंडे, तिसरा भरला तर उद्यापासून येऊ नका." मग एक दिवस सखूबाई अंधारात लांबच्या विहिरीवर जाते, पडते, पाय मोडतो. काका बघायला जातो, काहीच बोलत नाही, पण त्या रात्री पेटीला कुलूप लागत नाही. शेवटी पाणी अजून अर्धा इंचच, तरी चावी बाहेर लिंबाच्या खिळ्याला लटकलेली, आणि काका ओरडतो, "सांडू नका फक्त!"

पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन सुरुवातीला अन् शेवटाला दोन्हीकडं येणारी एकच गोष्ट शोधा, म्हणजे वस्तू, सवय, बोलायची पद्धत, काहीही. इथं चावी आहे. वहीत मधे रेघ मारून डावीकडं 'करदोट्याला', उजवीकडं 'लिंबाच्या खिळ्याला' असं गोष्टीतल्याच शब्दात लिहा, सोबत पान नंबर टाका. मग मधलं वळण हुडका, ते इथं कुलूप न लावलेली रात्र.

आता खरी तपासणी, आणि ही लई जण सोडून देतात. परिस्थिती तीच आहे का? शेवटी धो धो पाऊस पडून बोरला भरपूर पाणी आलं असतं, तर चावी बाहेर टांगली म्हणून काका बदलला असं म्हणता आलं नसतं, टंचाईच राहिली नाही ना. म्हणून शेवटच्या पानावर 'पाणी अजून अर्धा इंचच' असं काही सापडतंय का ते बघायचं, सापडलं की पुरावा पक्का. तसंच काका आधीपासून रात्री गुपचूप कुणाला पाणी देत होता असं शेवटी कळलं, तर तो बदललाच नाही, आपल्याला उशिरा कळला एवढंच.

शब्दही मापात वापरा. काका दानशूर झाला नाही, तोंड अजून तिखटच आहे. 'त्याला पश्चात्ताप झाला' हेही गोष्टीत कुठं नाही, तो तर गप्प बसला होता, त्यामुळं तिथं 'असावा' म्हणा आणि का वाटतं ते सांगा.

उत्तर असं होईल: 'सुरुवातीला काका चावी करदोट्याला बांधतो (पान 1). सखूबाई पडते त्या रात्री तो कुलूप लावत नाही (पान 3), त्यामुळं तिच्या पडण्याचा त्याच्यावर परिणाम झाला असावा. शेवटी पाणी तेवढंच असूनही चावी खिळ्याला आहे (पान 4). पाण्यावरचा हक्क त्याने सैल केला, बोलणं मात्र तसंच कडक राहिलं.'