मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचे नाव कसे ठरवावे

मुलांसाठी पुस्तके काढणाऱ्या लहान प्रकाशनसंस्थेचे नाव मुले फार थोड्या ठिकाणी वाचतात. मुखपृष्ठाचा एखादा कोपरा आणि मलपृष्ठावरचे बोधचिन्ह, एवढेच त्यांच्या नजरेस पडते. बाकी सगळीकडे ते नाव मोठी माणसे वाचतात. मुख्याध्यापक ते बिलावर वाचतात, ग्रंथपाल दाखल नोंदवहीतील ‘प्रकाशक’ या रकान्यात लिहितात, वितरक फोनवर ऐकतो आणि बँकेतील कर्मचारी चेकवर तपासतो. गंभीरपणा आणि खेळकरपणा यांच्या तोलाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. दोन्ही गुण निम्मे निम्मे घालून तो सुटत नाही. नावाचा कोणता भाग कोणाशी बोलणार हे आधी ठरवले, तरच तो सुटतो.

पायरी १ : नावाआधी तीन पुस्तके ठरवा

नावे सुचवायला बसण्यापूर्वी पहिल्या दोन वर्षांत काढायच्या पुस्तकांपैकी एकमेकांपासून सर्वांत लांबची तीन निवडावीत. समजा, आपल्या मनात वात्रट कवितांचा एक संग्रह आहे, आजोबांच्या मृत्यूनंतर एकटी पडलेली मुलगी हा विषय असलेले एक चित्रपुस्तक आहे आणि विंचू, कोळी, गोम यांची माहिती देणारे एक पुस्तक आहे. तीन कोऱ्या कागदांवर या तीन पुस्तकांची कच्ची मुखपृष्ठे काढावीत आणि सुचलेले प्रत्येक नाव तिन्हींच्या तळाशी लिहून पाहावे.

‘ज्ञानांकुर प्रकाशन’ हे नाव विंचवांच्या पुस्तकाखाली शोभते, पण वात्रट कवितांखाली आले की कविता वाचल्यावर प्रश्नोत्तरे सोडवावी लागतील अशी शंका मुलाला येते. ‘गंमतजंमत प्रकाशन’ कवितांखाली छान दिसते आणि आजोबांच्या पुस्तकाखाली मात्र ते खटकते, कारण तेथे गंमत हा शब्दच दुखावणारा ठरतो. खेळकर नावाची खरी कसोटी त्या संस्थेच्या सर्वांत दुःखी पुस्तकावर लागते. तिथे जे नाव नुसते शांत राहते, पुस्तकाच्या विरोधात बोलत नाही, ते पुढच्या फेरीत न्यावे.

पायरी २ : भाव सांगणारे नव्हे, वस्तू सांगणारे शब्द जमवा

‘आनंद’, ‘विकास’, ‘संस्कार’, ‘उमलणे’ अशा भाववाचक शब्दांमध्ये संस्थेचा हेतू बोलतो. मुलाला त्यात पकडण्यासारखे काही नसते. वस्तूचे नाव घेतले की हेतू मागे जातो आणि चित्र पुढे येते. चेन्नईच्या ‘तूलिका’ या संस्थेने १९९६ साली रंगवण्याच्या कुंचल्याचे नाव घेतले. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ साली सुरू केलेल्या मुलांच्या हिंदी मासिकाला ‘चकमक’, म्हणजे ठिणगी पाडणारी गारगोटी, असे नाव दिले. संस्थेचे नाव भारदस्त आणि मासिकाचे नाव हाताळता येण्याजोगे, ही वाटणी मला फार समजूतदार वाटते.

‘बाल’, ‘चिमुकले’, ‘छोटे दोस्त’ असे शब्द मात्र टाळावेत, असे मी आग्रहाने सांगेन. सहा वर्षांच्या मुलाला त्यांचे काही वाटत नाही, पण अकरा वर्षांची मुलगी असे नाव असलेले पुस्तक वर्गात दप्तरातून बाहेर काढणार नाही, आणि आपले वाचक त्या वयापर्यंत टिकावेत अशीच आपली इच्छा असते. आपले नाव मुलाच्या उंचीवर बसावे. त्याने वाकून मुलाचा गालगुच्चा घेऊ नये.

खेळ, किडे, झाडाखाली सापडणाऱ्या गोष्टी, स्वयंपाकघरातील भांडी, शाळेतील वस्तू अशा ठिकाणांहून तीसेक शब्द काढावेत. या लेखापुरते आपण चारच घेऊ: काजवा, चिंचोका, भिंगरी आणि लगोरी. पद्धत दाखवण्यासाठीच ते निवडले आहेत. यांपैकी एखादे नाव कोणी आधीच घेतलेले असू शकते आणि ते तपासण्याची पायरी पुढे येते.

पायरी ३ : शब्दाला चिकटलेले वाक्प्रचार तपासा

मराठीत साध्या वस्तूंच्या नावांना वाक्प्रचार चिकटलेले असतात आणि ग्रंथविक्रेत्याला ते पहिल्या भेटीतच आठवतात. काजवा हा प्रकाशाचा सुंदर ठिपका खरा, पण कानशिलात बसली की डोळ्यांपुढे काजवेच चमकतात. चिंचोका हाताळायला गुळगुळीत आणि सगळ्यांच्या ओळखीचा, पण ‘पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले?’ हे वाक्य घरोघरी बोलले जाते आणि बिलावर चिंचोका छापला की थकबाकी मागताना ते आठवणारच. भिंगरीच्या बाबतीत वाक्प्रचार आपल्या बाजूने उभा राहतो, कारण पायाला भिंगरी असणारा माणूस सतत हिंडत असतो आणि पुस्तकांनी गावोगाव हिंडावे हेच आपल्याला हवे असते. लगोरी या शब्दाभोवती असा ठळक वाक्प्रचार नाही. खेळात ती आधी फोडली जाते आणि मग धावपळीत पुन्हा रचली जाते, एवढाच संदर्भ शब्दासोबत येतो.

प्रांतभेदही येथेच पाहावा. याच खेळाला काही ठिकाणी लिंगोरचा म्हणतात. विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि गोवा येथील एकेका ओळखीच्या माणसाला शब्द विचारावा. त्याला तो माहीत नसला तरी चालेल, पण त्याच्याकडे त्याचा भलता अर्थ निघत असेल तर तो शब्द सोडून द्यावा.

पायरी ४ : नावाला विभक्ती लावून पाहा

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि मराठीत तर ती सर्वांत महत्त्वाची आहे. नाव नेहमी सुटे उच्चारले जात नाही. ‘अमक्याचे पुस्तक आले का’, ‘तमक्यांकडून प्रती मागवा’ अशा वाक्यांतच ते वापरले जाते, आणि प्रत्यय लागला की मराठी नामाचे रूप बदलते. ‘काजवा’ला प्रत्यय लावला की ‘काजव्याचे पुस्तक’ होते. म्हणजे नावाचे शेवटचे अक्षर बदलते, जोडाक्षर येते आणि ऐकणाऱ्याला हे काजव्यांविषयीचे पुस्तक वाटते. ‘वारूळ’ घेतले तर ‘वारुळाचे’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि नाव नेमके कसे लिहायचे याविषयी गोंधळ सुरू होतो. ‘भिंगरी’ आणि ‘लगोरी’ ही ईकारान्त स्त्रीलिंगी नामे एकवचनात मूळ रूपातच राहतात: भिंगरीचे, भिंगरीकडून, लगोरीने, लगोरीत. लहान संस्थेचे नाव लोकांच्या तोंडी रुजायला हे रूप न बदलणे फार उपयोगी पडते.

‘प्रकाशन’ हा शब्द जोडला की विभक्ती त्याला लागते आणि पुढचे नाव सुरक्षित राहते, हेही खरे आहे. ‘काजवा प्रकाशनाचे पुस्तक’ यात काहीच बिघडत नाही. परंतु बोलताना लोक दुसरा शब्द गाळतात, त्यामुळे पहिल्या शब्दाने एकट्याने उभे राहता यायला हवे.

पायरी ५ : दहा मिलिमीटरमध्ये छापून पाहा

चोवीस किंवा बत्तीस पानांच्या, मधोमध पिना मारलेल्या चित्रपुस्तकाला कणा नसतो. त्यामुळे नाव मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातच बसवावे लागते आणि तेथे दहा ते बारा मिलिमीटर रुंदीच मिळते. घरच्या प्रिंटरवर त्याच मापात नाव छापावे आणि हातभर अंतरावरून वाचावे.

‘भिंगरी’ येथे अडखळते. ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक वरच्या शिरोरेषेतील लहानशा फटीवर अवलंबून असतो. अक्षर बारीक झाले किंवा शाई थोडी पसरली की ती फट बुजते आणि भिंगरीची ‘मिंगरी’ होते. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तसेच होते. ‘लगोरी’मध्ये अशी जोडी नाही आणि जोडाक्षरही नाही, म्हणून नुकतेच वाचायला शिकलेले मूल ते स्वतः वाचू शकते. बोधचिन्ह काढायचे असेल, तर सात दगडांची उतरंड या मापात एकच काळा डाग दिसेल. तीन दगड पुरतात.

गंभीरपणाचा वाटा अक्षरांच्या वळणाकडे सोपवावा. शब्द खेळकर असताना अक्षरेही वाकडीतिकडी नाचवली, तर दुहेरी गोडवा होतो आणि आजोबांच्या पुस्तकावर तो सोसत नाही. खेळकर शब्द सरळ, स्थिर वळणात लिहावा. मुखपृष्ठावर नुसते ‘लगोरी’ आणि तीन दगड असावेत. शीर्षकपृष्ठ, बिल आणि पत्रव्यवहार यांवर पूर्ण ‘लगोरी प्रकाशन’ यावे. मुलाला पहिला शब्द मिळतो, मुख्याध्यापकांना दुसरा.

पायरी ६ : मुलांना विचारू नका, लिहायला सांगा

‘हे नाव आवडले का?’ असे विचारले की मुले विचारणाऱ्याचे मन राखतात. त्याऐवजी कच्च्या मुखपृष्ठाचे पुस्तक त्यांना वाचून दाखवावे, नाव एकदाच उच्चारावे आणि दुसऱ्या दिवशी ते कागदावर लिहायला सांगावे. चार-पाच मुलांनी एकच चूक केली, तर दोष नावाचा आहे. मोठ्यांसाठी फोनची चाचणी घ्यावी: दुसऱ्या गावातील परिचिताला नाव एकदाच सांगून लिहून घ्यायला लावावे आणि तो किती वेळा ‘काय म्हणालात?’ विचारतो ते पाहावे.

याच वेळी रोमन लेखनही पक्के करावे, कारण शोधखिडकीत लोक तेच टंकतात. भिंगरी कोणी `bhingri` लिहील, कोणी `bhingari`. लगोरीचे बहुतेक जण `lagori` असेच लिहितील. ‘ळ’ किंवा ‘ण’ असलेल्या नावांबाबत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण रोमन लिपीत या अक्षरांसाठी स्वतंत्र चिन्ह नाही.

पायरी ७ : मोकळे आहे का ते पाहून नोंदवा

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. व्यापारचिन्हे मालाच्या वर्गांनुसार नोंदवली जातात आणि छापील पुस्तके १६ व्या वर्गात येतात. नेमके शब्दलेखन आणि उच्चारसाधर्म्य असे दोन्ही शोध घ्यावेत. लगोरीसारखा सर्वांच्या तोंडचा शब्द कोणीतरी आधीच घेतलेला असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून शेवटच्या फेरीत निदान दोन नावे हाती ठेवावीत. ‘बालपुस्तके’ यांसारखे केवळ मालाचे वर्णन करणारे नाव सहसा नोंदवले जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांची नावे व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्याने मनाई आहे. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते.

त्यानंतर `isbn.gov.in` या संकेतस्थळावर प्रकाशक म्हणून नोंदणी करून आयएसबीएन क्रमांक मागवावेत. ते विनामूल्य मिळतात. व्यापारचिन्हाच्या अर्जात, बँक खात्यात आणि या नोंदणीत रोमन लेखन अक्षरशः एकच असावे. पुस्तक एकदा छापून ग्रंथालयांच्या नोंदवह्यांत चढले, की नंतर नाव बदलूनही त्या प्रतींवर जुनेच नाव राहते. म्हणून ही जुळवणी पहिले पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी पुरी करावी.